ब्रेडच्या जाळीचा फोटो कसा वाचावा

ब्रेड मधोमध कापला की आत जी लहानमोठी भोके दिसतात, त्यांना जाळी म्हणायला हरकत नाही. अनारशाला, ढोकळ्याला, आंबोळीला पडते तीच ही जाळी, फक्त तिच्या भिंती ग्लुटेनच्या असतात आणि म्हणून अधिक चिवट. भिजवलेला मैदा ओव्हनमध्ये जाण्याआधी पुरेसा फुगला होता की नाही, की गरजेपेक्षा जास्त फुगून गेला होता, हे या जाळीच्या एका चांगल्या फोटोवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते. पण फोटो पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा सर्वांत मोठ्या भोकावर जाते आणि निदान तिथेच चुकते. मोठे भोक दिसले की ‘यीस्ट जास्त झाले’ किंवा ‘फार वेळ फुगवले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलटी असते, आणि चुकीच्या निदानावरून उपाय केला की पुढचा ब्रेड आणखी बिघडतो. जाळी वाचताना भोकांपेक्षा भोकांमधल्या जागेकडे आधी पाहायचे असते.

त्याचे कारण जाळी कशी तयार होते यात आहे. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. बेकर आणि माइझ या संशोधकांनी १९४१ साली दाखवून दिले की ब्रेडमधल्या बुडबुड्यांचा उगम मळताना आत कोंडल्या गेलेल्या हवेत असतो. निर्वात जागेत मळलेल्या पिठात यीस्ट तेवढेच असूनही बुडबुडे फार थोडे आणि ओबडधोबड येतात. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग या आधीच असलेल्या बारीक बुडबुड्यांमध्ये शिरून त्यांना मोठे करतो. म्हणजे बुडबुडे किती असतील हे मळताना आणि मध्ये गोळा दाबून पुन्हा वळताना ठरते. फुगवण्याच्या वेळात ते मोठे होतात आणि त्यांच्यामधल्या भिंती पातळ होत जातात. गोळा ओव्हनमध्ये गेला की आतला वायू उष्णतेने प्रसरण पावतो, विरघळलेला वायू बाहेर येतो, पाण्याची वाफ होऊ लागते. पंचावन्न-साठ अंश सेल्सियसच्या आसपास यीस्ट मरते, त्यापुढे स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो आणि भिंती जागच्या जागी बसतात. कापात दिसते ते या शेवटच्या क्षणाचे चित्र. भिंती किती पातळ झाल्या असताना गोळा भट्टीत गेला, याची खूण त्यात राहून जाते.

कमी फुगलेल्या गोळ्यात भिंती जाड असतात. बहुसंख्य बुडबुडे अजून टाचणीच्या टोकाएवढेच असतात आणि थोडेच पुढे गेलेले असतात. ओव्हनमध्ये एकदम जोर आला की वायू आणि वाफ ज्या बाजूला वाट सोपी तिकडे धाव घेतात, म्हणजे आधीच मोठ्या असलेल्या त्या थोड्या बुडबुड्यांकडे. त्यांची बोगद्यासारखी भोके होतात, आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग मात्र दडदडीत, ओलसर, जवळजवळ कच्च्या कणकेसारखा राहतो. फोटोत ही जोडी एकत्र दिसली पाहिजे: मोठी पोकळी आणि तिला लागूनच जाळी नसलेला गच्च पट्टा. याच गोळ्यात जोर शिल्लक असल्याने तो ओव्हनमध्ये उसळतो, माथा घुमटासारखा वर येतो आणि कवच आधी घट्ट झाले तर एखाद्या बाजूने, बहुधा साच्याच्या काठालगत, फाटतो. वर चीर दिलेली असली तरी ती सोडून भलत्याच ठिकाणी फाटणे ही कमी फुगवणीची मोठी खूण आहे.

जास्त फुगलेल्या गोळ्याची गोष्ट वेगळी. इथे भिंती इतक्या पातळ झालेल्या असतात की शेजारचे बुडबुडे एकमेकांत फुटतात आणि वायू गळू लागतो. ओव्हनमध्ये उसळायला जोर उरत नाही. काप पाहिला तर तो बुटका आणि रुंद असतो, माथा सपाट किंवा मध्ये खचलेला, कधी सुरकुतलेला. जाळी सगळीकडे साधारण सारखी, बारीक आणि जराशी विस्कटलेली दिसते. वरच्या बाजूला, कवचाच्या लगेच खाली, थोडी मोठी भोके आणि तळाशी वजनाने दबलेला घट्ट थर असे रूपही सापडते. कवचाचा रंगही बोलतो. पिठातली साखर यीस्टने खाऊन टाकल्यामुळे तेवढ्याच आचेवर, तेवढ्याच वेळात ब्रेड खरपूस होण्याऐवजी फिकट राहतो. सावरडोमध्ये यात आणखी भर पडते, कारण वाढलेली आंबट आणि पिठातली विकरे मिळून ग्लुटेनच मऊ करून टाकतात.

बेताने फुगलेल्या ब्रेडची जाळी एकाच मापाची असते असे नाही. मोठी आणि लहान भोके मिसळलेली असू शकतात. पण ती सगळीकडे विखुरलेली असतात आणि त्यांच्यामधल्या भागातही जाळी असते. कापावर कुठेही बोटाच्या पेराएवढी अशी जागा सापडत नाही की जिथे एकही भोक नाही. फोटोवर ही कसोटी लावणे सोपे आहे आणि सर्वांत मोठे भोक मोजत बसण्यापेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे.

मात्र फोटो वाचता येण्यासारखा असला पाहिजे. गरम ब्रेड कापला तर सुरी आतला मऊ भाग ओढत नेते, भोके बुजतात आणि चांगला ब्रेडही गिच्च दिसतो. साच्यातला अर्धा किलोचा ब्रेड निदान तासभर, आणि मोठा गोल सावरडो दोन तास निवल्यावर, दातेरी सुरीने, दाब न देता, बरोबर मध्यावर कापावा. टोकाकडचा काप घेऊ नये. तिथे जाळी नेहमीच वेगळी असते. फोटोत काप पूर्ण यावा, तळ आणि माथा दोन्हींसकट, कारण भोके किती आहेत याइतकेच ती कुठे आहेत हे महत्त्वाचे. उजेड खिडकीतून आडवा पडू द्यावा. फ्लॅश समोरून पडला की भोकांतल्या सावल्या नाहीशा होतात आणि खोल बोगदा आणि उथळ खळगा सारखेच दिसतात. पिवळ्या दिव्याखाली फिकट कवचही तांबूस भासते. शेजारी पट्टी ठेवावी किंवा दहा रुपयांचे नाणे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे माप लगेच कळते. कापाबरोबर अख्ख्या ब्रेडचा बाजूने घेतलेला एक फोटो असला तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. लादी पावासारखा हाताने ओढून तोडलेला पाव मात्र या कामाचा नाही. तोडताना तो धाग्याधाग्यांनी सुटतो, ते दिसायला सुंदर असते, पण त्यातून भोकांचा अंदाज येत नाही.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, डिसेंबरातले नाशिक आहे आणि स्वयंपाकघरात १९ अंश तापमान आहे. ब्रेडसाठी ३०० ग्रॅम मैदा, १९५ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घेतले आहे. पाणी साठवणीच्या पिंपातले, गार. कृतीत लिहिले होते त्याप्रमाणे पहिल्यांदा एक तास आणि साच्यात घातल्यावर ४० मिनिटे फुगवून ब्रेड भाजला. फोटोत दिसते ते असे: माथा उंच, एका लांब बाजूला साच्याच्या काठालगत कवच फाटून आतला पांढरा भाग बाहेर आलेला. कापाच्या मध्यावर शेजारी शेजारी दोन बोगदे, मोठा सुमारे तीन सेंटिमीटर रुंद. त्यांच्या खाली आणि दोन्ही अंगांना करड्या छटेचा, भोके जवळजवळ नसलेला पट्टा. कवचाचा रंग छान तांबूस.

घरात पहिला तर्क यीस्ट जास्त झाल्याचा होईल. पण फोटोतली एकही खूण त्याला साथ देत नाही. जास्त फुगलेला गोळा उसळून फाटला नसता, आणि कवच इतके रंगले नसते. बोगद्याशेजारचा गच्च पट्टा सांगतो की बहुतेक बुडबुडे वाढलेच नव्हते. आता खोलीचे तापमान विचारले की चित्र पूर्ण होते. कृतीतला ‘एक तास’ हा २६ अंशांच्या आसपासच्या पिठासाठी होता. यीस्टचा वेग दर आठ-दहा अंशांमागे साधारण दुपटीने बदलतो. त्यामुळे १९-२० अंशांच्या पिठाला तेवढ्याच कामासाठी जवळजवळ दुप्पट वेळ हवा होता. तो मिळाला नाही.

उपाय यीस्ट वाढवणे हा नव्हे. तसे केले तर काम होईल, पण ब्रेडला यीस्टचा उग्र वास येईल आणि उन्हाळ्यात तीच कृती उलटेल. पिठाचे तापमान वाढवणे हा खरा उपाय. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल इतके, सुमारे ३५ अंशांचे, घेतले की मळून झाल्यावर गोळा २५-२६ अंशांच्या जवळ येतो. मग तो झाकून बंद ओव्हनमध्ये, आत गरम पाण्याचे एक भांडे ठेवून फुगवावा. ओव्हन अर्थात बंदच. पहिली फुगवण घड्याळावर न सोडता आकारमान दुप्पट होईपर्यंत चालू द्यावी. दुसऱ्या वेळी साच्यात गोळ्याचा माथा काठाच्या बोटभर वर आला की भाजायला घ्यावा. बाकी काहीही बदलू नये. मैद्याची जात, पाण्याचे प्रमाण आणि फुगवणीचा वेळ एकदमच बदलले तर पुढच्या फोटोतला फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. या एका बदलानंतरच्या कापात बोगदे नाहीसे व्हावेत, आणि करडा पट्टा होता तिथे बारीक भोके दिसायला लागावीत. बोगदे गेले पण तळाशी अजून गच्च थर असेल तर दुसरी फुगवण आणखी थोडी लांबवायची.

तीच कृती मे महिन्यात, स्वयंपाकघर ३४ अंशांवर असताना, तेवढ्याच वेळात केली तर दुसऱ्या टोकाचा फोटो मिळतो: सपाट माथा, फिकट कवच, बुटका काप. तिथे पाणी फ्रिजमधले घ्यावे, यीस्ट दीड ग्रॅमवर आणावे आणि गोळ्याकडे अर्ध्या तासानेच पाहायला सुरुवात करावी. थंड देशांतल्या पुस्तकांमधले वेळ महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात जसेच्या तसे वापरल्याने बिघडलेले ब्रेड बहुधा याच रूपाचे असतात.

काही दोष फुगवणीचे नसूनही तसे दिसतात, आणि फोटो वाचणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. कवचाच्या थेट खाली एकच लांबट पोकळी आणि बाकी सगळी जाळी उत्तम असेल, तर फुगवण ठीक होती. गोळा वळताना आत हवा कोंडली किंवा घडीमध्ये कोरडा मैदा राहून दोन थर चिकटलेच नाहीत, असा त्याचा अर्थ. अशा पोकळीची आतली बाजू गुळगुळीत असते, क्वचित तिथे पिठाची पांढरी रेघही दिसते. उपाय इतकाच की वळताना ओट्यावर मैदा कमी भुरभुरावा, गोळा हलक्या हाताने दाबून मोठे बुडबुडे काढावेत आणि प्रत्येक घडी नीट चिकटवत न्यावी.

तळाशी किंवा मध्यभागी ओलसर, चकचकीत पट्टा असेल आणि बाकी जाळी एकसारखी असेल, तर ब्रेड कमी भाजला गेल्याचा संशय घ्यावा. मैद्याच्या साध्या ब्रेडचे आतले तापमान ९३ ते ९८ अंशांपर्यंत जायला हवे. सळईसारखा थर्मामीटर मध्यभागी खुपसून ते पाहता येते. कमी फुगलेल्या ब्रेडमध्येही असा पट्टा असतो, पण तिथे शेजारी बोगदे असतात आणि इथे नसतात. केवळ पट्ट्याचा जवळून घेतलेला फोटो आला तर दोन्हींत फरक करता येत नाही. अख्खा काप मागण्याचे कारण हेच.

गव्हाच्या पिठाच्या ब्रेडवर सगळ्यांत जास्त अन्याय होतो. जात्याच्या किंवा चक्कीच्या पिठात कोंडा असतो, आणि कोंड्याचे कण बुडबुड्यांच्या भिंती कापतात. चक्कीत पीठ दळताना स्टार्चचे कणही बरेच दुखावतात, त्यामुळे ते पाणी जास्त पिते. शंभर टक्के गव्हाच्या पिठाचा ब्रेड बारीक, घट्ट जाळीचाच होणार, आणि तो तसा असणे हा दोष नाही. त्याचा फोटो मैद्याच्या सावरडोच्या फोटोशेजारी ठेवून ‘फुगला नाही’ असे म्हणणे चूक आहे. इथे भोकांचे माप सोडून द्यावे आणि ती सगळीकडे सारखी आहेत का, माथा किंचित गोलसर आहे का, तळाशी दबलेला थर आहे का, एवढेच पाहावे. म्हणूनच फोटोबरोबर पीठ कोणते हे कळल्याशिवाय निदान सांगूच नये. पीठ, खोलीचे तापमान आणि दोन्ही फुगवणींचे वेळ ही माहिती फोटोत कधीच नसते, आणि तिच्यावाचून निम्मे निदान अंदाजपंचे राहते. सावरडोत तर आणखी एक अडचण आहे. आंबवण अशक्त असली तरी जाळी कमी फुगवणीसारखीच दिसते, कारण बुडबुड्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच. आंबवण पीठ-पाणी घातल्यावर किती तासांत दुप्पट होते, हे विचारल्याखेरीज कारण वेगळे काढता येत नाही.

भाजण्याआधीच्या गोळ्याचा फोटो वाचणे कापाच्या फोटोपेक्षा अवघड. गोल भांड्यात, वरून काढलेला फोटो हमखास फसवतो. कारण साध्या भूमितीचे आहे: गोळ्याचे आकारमान दुप्पट झाले तरी त्याचा व्यास सव्वापटच होतो. बारा सेंटिमीटरचा गोळा दुप्पट फुगून पंधरा सेंटिमीटरचा दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की फारसे काही झालेच नाही. भांडे वर रुंद होत गेलेले असेल तर फसगत आणखी वाढते. यावर सोपी युक्ती म्हणजे मळून झाल्यावर चाळीसेक ग्रॅमचा तुकडा काढून सरळ भिंतीच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवायचा आणि त्याच्या उंचीला रबरबँड लावायचे. पेला मोठ्या गोळ्याच्या अगदी शेजारी राहू द्यावा, कारण छोटा तुकडा खोलीच्या हवेने लवकर गरम किंवा गार होतो. पेल्याचा फोटो डोळ्यांच्या पातळीवरून, आडवा घेतला की दुप्पट म्हणजे दुप्पटच दिसते. शिवाय काचेतून बुडबुडे दिसतात: सुरुवातीला तुरळक ठिपके आणि वेळ भरत आला की कडेपर्यंत दाट जाळी.

साच्यातल्या गोळ्यासाठी बोटाची परीक्षा फोटोतही करता येते, फक्त एक नव्हे तर दोन फोटो हवेत. पीठ लावलेले बोट अर्धा इंच दाबून काढल्याबरोबर पहिला आणि दहा सेकंदांनी दुसरा. खळगा लगेच पूर्ण भरून आला तर अजून थांबायचे. हळूहळू निम्मा भरला तर भाजायला घ्यायचे. दुसऱ्या फोटोत खळगा तसाच असेल आणि भोवतीचा भागही खचू लागला असेल, तर वेळ टळून गेली आहे. फ्रिजमधून काढलेल्या गार गोळ्यावर ही परीक्षा चालत नाही. थंडीने पीठ ताठ झालेले असते आणि खळगा हळूच भरतो, फुगवण कशीही असो.

वेळ टळल्याचे या टप्प्यावर कळले तर ब्रेड अजून वाचवता येतो. यीस्टचा गोळा साच्यातून काढावा, हलके दाबून सगळा वायू घालवावा, पुन्हा घट्ट वळून साच्यात ठेवावा. दाबल्याने मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि नवी, एकसारखी जाळी धरायला सुरुवात होते. यीस्ट आता भरपूर असल्याने दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा लवकर चढतो, म्हणून खळग्याची परीक्षा वीस मिनिटांनीच घ्यावी. हे एकदाच जमते. तिसऱ्या वेळी साखर आणि ग्लुटेन दोन्ही थकलेली असतात. सावरडोच्या आंबून सैल पडलेल्या गोळ्याला मात्र पुन्हा वळण्यात अर्थ नाही. तो तेल लावलेल्या पसरट ताटात ओतावा, बोटांनी खळगे पाडावेत, वर मीठ आणि तेल सोडावे आणि कडक आचेवर चपट्या पावासारखा भाजावा. तिथे उंची लागतच नाही, आणि गोल ब्रेड म्हणून फसलेली तीच जाळी त्यात छान मऊ लागते.